आंबिलीच्या व्हिडिओखालची पिन केलेली कमेंट

भोरला आमच्या शेजारची सून मार्गासनी गावची. ती स्वयंपाकाचं चॅनेल चालवते. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तिने माझ्या नाचणीच्या आंबिलीचा व्हिडिओ टाकला. दुपारपर्यंत आंबिलीविषयी कुणी बोलेना. "आजी एकट्याच राहतात का? मुलं-नातवंडं कुठं आहेत?" असं एकाने विचारलं आणि त्याखाली सगळे तुम्हा मुलांना नावं ठेवू लागले. ते मला सहन होईना.

ती म्हणाली, "काकू, भांडायचं न्हाई. आपलीच एक कमेंट लिवून वर पिन करू. मग लोक तिलाच उत्तरं देत्यात."

मी वही काढून मसुदा केला. "सर्व प्रेक्षकांस नमस्कार. माझी मुले कामानिमित्त परदेशी असून..."

"ह्यो काय तहसीलदाराला अर्ज हाय व्हय?" ती हसली. "पयल्या दोन-तीन ओळीच दिसत्यात. आन् पोरांचं नाव काढलं, की लोक तेच धरून बसत्याल. व्हिडिओत न्हाई असं कायतरी सांगा आन् लोकांना इचारा."

मी तुमच्यावरची ओळ खोडली. मग लिहिलं, "ताक मी कधी घातलं ते व्हिडिओत दिसलंच नाही. आंबील पूर्ण गार झाल्यावर. तुमच्याकडे कधी घालतात?"

तिने ती कमेंट पिन केली. संध्याकाळपर्यंत लोक गरम की गार यावर हिरिरीने वाद घालत होते. मी सांगत गेले, ती उत्तरं टाइप करत गेली. तुमच्याबद्दल आता कुणीच विचारत नव्हतं. मला हवं होतं तेच झालं होतं. ती फोन घेऊन घरी गेली, आणि घर मला नेहमीपेक्षा जास्त रिकामं वाटलं.