चाचाचा हात

निजामाच्या राज्यातली गोष्ट, पण बांगड्या वाजल्या की नारायणगडच्या जत्रेतला तो म्हातारा मणेर मला अजून आठवतो. बाळ जाऊन महिनाही झाला नव्हता. सासूबाई मला बांगड्या भरायला त्याच्यापुढं बसवून दर्शनाला गेल्या. माझी बोटं चेपत, अंगठा आत दुमडत तो बांगडी सरकवत होता; नजर मनगटावरच. माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचा, लेकरू गेलं, तरी पान्हा फुटतोय. लई लाज वाटती."

त्याचा हात थांबला.

"लाज कावून, बेटी? आई हायेस तू."

मग तो बांगडी सरकवू लागला, आधीपेक्षा हळू. उठताना रिवाजाप्रमाणं मी त्याला वाकून नमस्कार केला.

घरीदारी सगळे 'दुसरं होईल' म्हणत मला पुढचं लेकरू देऊ करत होते. गेलेलं लेकरू माझंच राहू दिलं, ते त्यानं एकट्यानं.