प्रेसच्या खांबावरचं कुंकू

माझ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी एकाने हसत सांगितलं की नव्या नोकरीत सुरक्षेचा व्हिडिओ दाखवला आणि तो न बघताच ‘समजलं’वर बोट दाबत पुढे गेला. तेव्हापासून मला एक माणूस आठवतो आहे, ज्याला सगळं खरोखर समजलं होतं, आणि तरीही त्याचा हात जाता जाता वाचला. तुम्हाला त्याची गोष्ट ठाऊक असावी, म्हणून हे लिहिते.

सत्तरच्या दशकात मी नागपूरजवळच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात होते. तिथे पत्र्याचे डबे आणि झाकणं बनत. मला इंग्रजी येत असल्यामुळे मुख्य कचेरीकडून आलेली सुरक्षेची पुस्तिका मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि मग नव्या माणसांना ती सांगण्याचंही. दर सोमवारी सकाळी सात-आठ जण बाकांवर बसत. आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, सैल बाही आणि गळ्यातला गमछा यंत्राजवळ का चालत नाही, हे मी फळ्यावर चित्रं काढून सांगे. मग प्रश्न विचारी.

त्या सोमवारी काटोलकडून आलेला एक तरुण होता. घरी संत्र्याची थोडी झाडं आणि भाऊ बरेच, म्हणून तो नोकरीला आला होता. तीन महिने उमेदवारी, मग कायम. त्याची उत्तरं सर्वांत चोख होती.

“प्रेसच्या ठोकळ्याखाली हात केव्हा घालायचा?”

“कधीच नाही जी. पत्रा चिमट्यानंच ठेवाचा.”

दुसऱ्या दिवशी तो प्रेसवर गेला. ही प्रेस, म्हणजे पत्रा दाबून झाकणं काढणारं यंत्र, समजून घ्या. वर जड ठोकळा, खाली साचा, म्हणजे डाय. समोर लोखंडी जाळी. जाळी उचलायची, चिमट्याने पत्रा ठेवायचा, जाळी खाली आणायची आणि पायाने पेडल दाबायचं, की ठोकळा खाली येतो. जाळी वर असताना पेडल लागू नये अशी योजना होती. पण अशी योजना झिजते, म्हणून तिच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, हा नियम. मोटर बंद केली तरी बाजूचं मोठं चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि तेवढ्या फिरण्यातही ठोकळा खाली येऊ शकतो.

वर्गात सांगितलेलं खाली शेडमध्ये गेल्यावर कुठे जातं, याचं मला फार कुतूहल होतं. म्हणून गुरुवारी दुपारची पाळी बदलताना मी प्रेसच्या रांगेजवळ जाऊन उभी राहिले. तिथला सुपरवायझर, सावनेरकडचा, मला पाहून म्हणाला, “बाई, आज शाळा इकडे आली का?”

पहिल्या पाळीचा माणूस मोटर चालूच ठेवून निघाला. तशीच पद्धत होती. बंद-चालू करण्यात वेळ कशाला घालवा! काटोलचा तरुण पुढे आला. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या, जाळी उचलली आणि उजवा हात थेट ठोकळ्याखाली घातला. त्याचा अनवाणी पाय पेडलच्या अगदी शेजारी होता.

सुपरवायझर ओरडला नाही. पुढे त्याने मला सांगितलं, दचकलेल्या माणसाचा पाय आधी आपटतो. तो हळू आवाजात म्हणाला, “पाय मागं घे गा. हां. आता हात काढ.” हात बाहेर आल्यावर त्याने मोटर बंद केली आणि विचारलं,

“काहून घातला गा हात?”

तरुण गोंधळला. “पाया पडाले घातला जी. कामासाठी नाही घातला. बाईनं सांगतलं, कामासाठी हात घालू नका. घरी बैल जुंपाच्या आधी त्याले हात लावतो, इथं मशीनले.”

मी वाकून आत पाहिलं. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू खालच्या डायवरच लावलेलं होतं. नमस्कार करायचा तर हात तिथेच जाणार. त्याच्या मनात काम वेगळं आणि नमस्कार वेगळा होता, आणि माझ्या फळ्यावर नमस्कार कुठेच नव्हता.

गोष्ट मॅनेजर साहेबांच्या कचेरीत गेली, आणि त्यांनी त्याला कामावरून काढून घरी पाठवायचं ठरवलं. “सांगूनही ऐकत नाही, असा माणूस प्रेसवर नको.”

तरुण दाराशी उभा होता. गावी परत जाऊन भावांना काय सांगायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सुपरवायझर म्हणाला, “साहेब, सांगितलं बाईंनी. करून दाखवायला लावणं माझं काम. पहिले दिवस नव्या माणसाजवळ उभं राहणं माझं काम. तुम्ही मला दोन दिवस माल चढवायला पाठवलं, मी गेलो. जायला नको होतं. आणि हा गेला तरी कुंकू तिथंच राहील. पुढचा येईल तोही हात घालील.”

साहेब म्हणाले, “आठ दिवस ठेवू. मग मी स्वतः पाहीन.”

आता कुंकवाचं काय करायचं? ते पुसू म्हटल्यावर जुना ऑपरेटर उसळला. “कुंकू पुसता? मशीनचा नवरा मेला का?” सगळे हसले, पण पुसायला कोणीच पुढे होईना. शेवटी सुपरवायझरने जुन्या कुंकवाला हात लावला नाही. त्याने त्या ऑपरेटरच्याच हाताने प्रेसच्या खांबावर, जाळीच्या बाहेर, मोटरच्या बटणाशेजारी नवं कुंकू लावून घेतलं. “देवाले उंच जागा दिली, बस,” ऑपरेटर म्हणाला. डायवरचं तेलात आपोआप गेलं, आणि तिथे पुन्हा कोणी लावलं नाही.

मग पाळी बदलण्याची रीतच ठरली. जाणाऱ्याने मोटर बंद करायची. येणाऱ्याने चाक पूर्ण थांबेपर्यंत खांबासमोर हात जोडून उभं राहायचं, जाळी आणि पेडल तपासायचं, मग सुरू करायचं. चपला काढायच्या नाहीत. कुणी कुरकुरलं, “एवढा वेळ तर आरतीलेही लागत नाही.”

आठव्या दिवशी साहेब आले. तरुणाने सगळं केलं. चाक रेंगाळत फिरत होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “चल, कर सुरू.”

तो हलला नाही. “थांबू द्या जी. फिरून राहिलं अजून.”

साहेब चाक थांबेपर्यंत उभे राहिले. उमेदवारी संपल्यावर तो कायम झाला.

मी फळ्यावर खांबाचं चित्र काढू लागले आणि ‘समजलं का’ विचारण्याऐवजी ‘करून दाखवा’ म्हणू लागले. पण खरं काम खालीच होतं. सुपरवायझर एकदा लग्नाला गेला, तर परत येईपर्यंत मोटर पुन्हा चालूच राहू लागली होती. तो वैतागला नाही. पुन्हा रोज पाळीच्या वेळी रांगेत जाऊन उभा राहिला. “बाई, हे एकदा सांगून होत नाही,” एवढंच म्हणाला.

तो कारखाना केव्हाच बंद झाला, प्रेस भंगारात गेल्या. काटोलचा तो माणूस पुढे त्याच रांगेचा सुपरवायझर झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. आता तो बागेत असतो, आणि संत्री दोन्ही हातांनी तोडतो. माझ्या ओट्यावर मिक्सरच्या बटणाशेजारी कुंकवाचा एक ठिपका आहे. तो मी दर दसऱ्याला नवा लावते.