सागाची हमी

वडील धारवाडच्या शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे एक जुने सहकारी एका कंपनीच्या साग-लागवडीच्या योजनेचे कागद घेऊन आले. तीन वर्षांत पैसे दुप्पट, लेखी हमी. वडिलांनी चेकबुक काढलं. आईला राहवेना. तिनं त्या सहकाऱ्यांनाच विचारलं,

"अण्णा, साग तोडणीला यायला वीस वर्षं लागतात. तीन वर्षांत पैसे कुठून देणार?"

"नवे सभासद येतात ना, अक्का. त्यांच्या ठेवींतून."

"आणि ते यायचे थांबले तर? ठेवी घ्यायचा परवाना आहे का?"

सहकारी कागद आवरू लागले. वडिलांनी चेकबुक मिटलं, पण पुढं दोन वर्षं ते आईवर धुसफुसत राहिले. मग कंपनीच्या हुबळीतल्या ऑफिसला कुलूप लागलं. त्या सहकाऱ्यांचे स्वतःचेही पैसे बुडाले. त्या दिवशी वडील घरभर येरझाऱ्या घालत होते. शेवटी चपला घालून आईला म्हणाले, "त्यांच्याकडं जाऊन येऊ. तूही चल."