काढून घेतलेल्या चिठ्ठ्या

"स्वराली, तू नापास झालीस ती माझ्यामुळे. आधी हे लिहून टाकते, नाहीतर मी तब्येतीच्या चौकशीत शिरेन आणि मुद्दा राहून जाईल. तुझी वही चांगली होती. होती, म्हणजे आहेच. माझ्या कपाटात आहे."

एवढं लिहून भानुमतीबाईंनी पेन खाली ठेवलं. हा चौथा कागद; आधीचे तीन फाडले होते.

झाशीतल्या त्या बी.एड. कॉलेजात त्यांचं काम तसं एकच. भावी शिक्षक सरावासाठी शाळांत जातात आणि रोज वहीत लिहितात की आज वर्गात काय झालं, का झालं, आपलं काय चुकलं. त्या वह्या वाचून बाई शेरे देत. पण वहीत लाल शाई कधी नाही. माणसाच्या विचारावर रेघ ओढायला आपण कोण, असं म्हणून त्या वेगळ्या चिठ्ठ्या लिहीत आणि पानात खोचत.

स्वरालीच्या पहिल्या वहीतलं अक्षर म्हणजे मोत्यांचा सर. 'आज भिन्न पढ़ाया। बच्चों ने आनंद लिया।' चाळीस पानं आनंदच. बाईंनी चिठ्ठी खोचली: 'काय झालं ते कळलं. तुला काय वाटलं होतं? तसं का नाही झालं? उद्या काय बदलशील?'

दीड महिना अशाच चिठ्ठ्या गेल्या. मग एक दिवस पोरगी काटाकुटीनं भरलेलं पान घेऊन उभी राहिली. तारीख नाही, अर्धं हिंदी, अर्धं घरातलं मराठी.

"मॅडम, हे फेअर करून देते. अच्छा नहीं लगता."

"काटाकुटीच वाचायची आहे मला. सुंदर अक्षर लग्नपत्रिकेसाठी ठेव."

पानावर सहावीतली लीला होती. 'भिन्न'च्या, म्हणजे अपूर्णांकांच्या तासाला ती म्हणाली, तीनापेक्षा चार मोठे, म्हणून एक बटा चार हे एक बटा तीनपेक्षा मोठं. स्वराली हसली, मग सगळा वर्ग हसला. लीलाचा हात पुन्हा वर आला नाही. आधी स्वरालीनं लिहिलं होतं, 'लड़की कमज़ोर है'. ते खोडून खाली लिहिलं: 'डब्यातली पोळी दोघींत, मग चौघींत वाटायला दिली तेव्हा तिनं लगेच सांगितलं, वाटेकरी वाढले की तुकडा लहान. म्हणजे तिला येतं. मी नियम सांगितला, कारण मलाही नियमच येतो. तिनं का विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्या भीतीनं मी हसले. पुन्हा सगळ्यांसमोर तिलाच समजावून सांगायला लावायचं.'

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. अशी पानं पुढे आणखी आली. वीसपैकी अठरा दिले. वह्या बाहेरच्या परीक्षकांकडे जाताना मात्र चिठ्ठ्या काढून घेतल्या. ते दोघींमधलं बोलणं, तिसऱ्याला कशाला?

परीक्षक मऊरानीपूरहून आले होते. चहा पिता पिता वही चाळली.

"मॅडम जी, अठारह? इस घसीट पर?"

"अक्षर नका बघू. विचार बघा."

"देखें तो कैसे? आपने अठारह क्यों दिए, वो कहाँ लिखा है?"

शेऱ्याचा रकाना कोरा. तीस वर्षं पोरांना 'का' विचारणाऱ्या बाईंनी स्वतःचं का एकदाही लिहिलं नव्हतं. चिठ्ठ्या घरी, बिस्किटांच्या डब्यात. परीक्षकांनी नेमकं लीलाचं पान काढलं.

"ये तो ख़ुद मान रही है कि इसे पढ़ाना नहीं आता."

बाई बोलल्या, भांडल्या, उद्या चिठ्ठ्या आणते म्हणाल्या. गुणांचं पाकीट त्याच संध्याकाळी बंद झालं. सात. पासाला दहा लागत होते.

स्वरालीचे वडील रमाकांत कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाई, तुम्ही तिला फेअर करू दिलं असतंत तर?"

"तर ती पास झाली असती," बाई म्हणाल्या.

वर्षभरानं स्वराली दुसऱ्या मार्गदर्शकांच्या हाताखाली पास झाली. एकोणीस. वहीच्या पहिल्या पानाचा फोटो तिनं बाईंना पाठवला: 'आज कक्षा में आनंदमय वातावरण रहा।' बाईंनी फोटो मोठा करून एक तरी खोडलेला शब्द शोधला. नव्हता.

आता पत्र पुढे सरकेना. कारण पुढे लिहायचं ते निकालाचं नव्हतंच.

सराव संपला त्या शनिवारी स्वराली एक पाकीट देऊन गेली होती. पुठ्ठ्याच्या पोळ्या, तीन आणि चार तुकड्यांत कापलेल्या. "मॅडम, लीला से आप पूछ लेना. सबके सामने. मी सोमवारी नाहीये तिथे."

"जाईन गं," बाई म्हणाल्या होत्या.

सोमवारी गुडघा दुखत होता. मग निकाल लागला आणि शाळेत कुठल्या तोंडानं जायचं, असं झालं. जुलैत एकदा फाटकापर्यंत गेल्या, तर शिपाई म्हणाला, वो लड़की तो समथर चली गई, नाम कट गया.

पाकीट कपाटात वहीवरच आहे. चार तुकड्यांच्या पोळीतला एक तुकडा वाकला होता, तो बाईंनी दाबून सरळ केला आणि पाकीट परत बंद केलं.