पंधरा मिनिटांचं कुलूप

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी आमच्या कॉलेजात इंटरनेट आलं, तेव्हा कॉम्प्युटर विभाग मी आठ वर्षं सांभाळत होते. कॉलेज नगरच्या बाहेर, मनमाड रस्त्याला. कोणत्या टेबलावर कोणतं मशीन, कुठल्या कीबोर्डची कोणती कळ अडकते, कपाटातलं कुठलं पुस्तक कोणी नेलंय, सगळं माझ्या वहीत असायचं. त्यामुळे पुण्याहून राउटरचं खोकं आलं तेव्हा त्याची जबाबदारी माझ्याकडेच येणार असं मी धरून चालले होते.

प्राचार्यांनी ती मेजरला दिली.

मेजर म्हणजे लष्करातल्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेला एक हवालदार. भिंगारला राहायचा, लूनावरून यायचा. मेजर हे नाव पोरांनी ठेवलं होतं आणि त्यालाही ते आवडायचं. येऊन जेमतेम चार महिने झाले होते. त्याला दिवाळीची सुट्टी कशी मागायची हेसुद्धा मी शिकवलं होतं. आता राउटरचा पासवर्ड एकट्या त्याला माहीत होता. पोरं त्याच्या खुर्चीभोवती उभी राहत आणि माझ्याकडे फक्त माऊस मागायला येत.

तपासणी समिती सोमवारी दुपारी दोनला येणार होती. नव्या प्रयोगशाळेत इंटरनेट दाखवायचं होतं आणि त्यासाठी तिथल्या मशीनना वाट द्यायला राउटरमध्ये चार ओळी घालायच्या होत्या. त्या मला येत होत्या. जुन्या प्रयोगशाळेच्या वेळी मेजरच्या मागे उभी राहून मी त्या टिपून घेतल्या होत्या. नव्हता फक्त पासवर्ड.

सोमवारी मी साडेनऊलाच आले. मेजर यायच्या आत काम उरकायचं आणि प्राचार्यांना सहज सांगायचं, "सर, ते झालंय," असा बेत होता. संभाव्य पासवर्डची यादी रविवारीच केली होती: लूनाचा नंबर, मुलीचं नाव, बायकोचं नाव, भिंगार, असे सात. माझ्या टेबलावरच्या मशीनवरून एकेक घालून बघितला आणि चुकला की खूण केली. पाचवा चुकल्यावर पडद्यावर आलं की चुकीचे प्रयत्न फार झाले, प्रवेश बंद आहे, पंधरा मिनिटांनी यावं.

इंटरनेट चालूच होतं. बंद झाला होता तो फक्त राउटरच्या आत जायचा रस्ता. मी घड्याळ बघितलं, दहा मिनिटं कशीबशी काढली आणि सहावा शब्द घातला. बंद. थोड्या थोड्या वेळाने परत. बंदच.

साडेदहाला मेजर आला. खुर्चीत बसला, पासवर्ड घातला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"मॅडम, ह्याला कुणी हात लावला का हो?"

"मी आत्ताच आले," मी म्हटलं.

"कुलूप लागलंय. पाच वेळा कुणीतरी चुकीचं टाकलंय. आता बरोबर टाकलं तरी घेणार न्हाई."

"मग?"

"मग काय, पंधरा मिनिटं थांबायचं. चहा सांगू का?"

तो खरंच हात बांधून बसला. मी मात्र थांबले नाही. यादीत अजून दोन शब्द उरले होते. कुलूप उघडताक्षणी ते आपणच घालायचे, त्याच्या आधी, एवढंच डोक्यात होतं. म्हणून चार-पाच मिनिटांनी मी हळूच एक घालून बघत होते, उघडलं का.

पंधरा मिनिटांनी मेजरने प्रयत्न केला. बंद. अजून पंधरा. बंद. साडेअकरा वाजले तशी त्याची मान लाल व्हायला लागली. खरं सांगते, मला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या खुर्चीभोवती कुणी नव्हतं.

राउटरचं जाडजूड पुस्तक माझ्याच कपाटात होतं. ते न्यायचं तर माझ्या वहीत सही करावी लागे, आणि मेजरने ती कधी केली नव्हती. वेळ जाईना म्हणून मी ते काढलं आणि कुलपाचं पान शोधलं. तिथे सरळ लिहिलं होतं: हे कुलूप सगळ्या मशीनसाठी एकच असतं, आणि ते लागलेलं असताना कुठूनही प्रयत्न झाला तर पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात.

म्हणजे त्याचं घड्याळ मीच मागे नेत होते. मी पुस्तक मिटलं आणि कीबोर्ड लांब सरकवला. कुणाला सांगितलं मात्र नाही, आणि मेजर तर आता चिडून दोन-दोन मिनिटांनी पासवर्ड घालत होता.

बाराला प्राचार्य आले. मेजरने त्यांच्यासमोर पुन्हा पासवर्ड घातला. बंद.

"दीड तास पंधरा मिनिटं चाललीत तुमची?" प्राचार्य म्हणाले. "लष्करात असंच चालायचं का?"

"सर, काय समजंना झालंय."

"बंद करून चालू करा. कुलूप जाईल की नाही?"

"जाईल सर." मेजरचा आवाज खाली गेला. "पण गेल्या आठवड्यात पुण्याच्या इंजिनिअरने फोनवर सांगितलेलं सगळं मी तात्पुरतं ठेवलंय. लाइन स्थिर झाली की आज कायमचं करणार हुतो. वीज गेली की ते पुसलं जाईल. मग नव्या प्रयोगशाळेचं सोडा, जुनंपण बंद."

"लिहून ठेवलंय का?"

मेजरने नकारार्थी मान हलवली. मी असते तर लिहून ठेवलं असतं. हे माझ्या मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरंही आलं: गप्प राहिले तर उद्यापासून राउटर माझा. प्राचार्य स्वतःच बटणाकडे निघाले होते.

"सर, थांबा," मी म्हटलं. "सकाळपासून माझ्या टेबलावरून मी पासवर्ड घालून बघत होते. प्रत्येक वेळी वेळ नव्याने मोजला जातोय. पुस्तकात आहे. आता पंधरा मिनिटं कुणीच हात लावायचा नाही."

प्राचार्य बटणाजवळून वळले. "तुम्ही? कशासाठी?"

"तुम्ही राउटर मला दिला नाहीत म्हणून," मी म्हटलं. दुसरं कारण सुचलंच नाही.

तिघेही घड्याळाकडे बघत बसलो. माझ्या मशीनची वायर मी भिंतीतून काढून हातात धरली होती. मेजरने पंधराऐवजी सतरा मिनिटं जाऊ दिली आणि मग पासवर्ड घातला. राउटर उघडला. त्याने आधी सगळं कायमचं करून ठेवलं, मग त्या चार ओळी घातल्या. मी टिपल्या होत्या तशाच.

प्राचार्य गेल्यावर त्याने विचारलं, "काय काय टाकून बघितलंत?"

मी यादी पुढे केली.

"बायकोचं नाव?" तो हसायला लागला. "मॅडम, घरी सांगू नका हं. ती म्हनंल, माझंच ठेवायला पाहिजे हुतं."

तो हसला याचाच मला जास्त राग आला. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

समिती आली, नव्या प्रयोगशाळेत इंटरनेट बघितलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी राउटरशेजारी लावायला एक सूचना मला टाइप करायला सांगितली: पाच चुकांनंतर कुलूप लागते, पंधरा मिनिटे कोणत्याही मशीनवरून प्रयत्न करू नये, प्रयत्न केल्यास वेळ पुन्हा सुरू होतो, वीज बंद करू नये. मजकूर सगळा माझा. समास नीट सोडले, एकही खाडाखोड नव्हती. खाली 'राउटर प्रमुख' असं टाइप करून सहीसाठी जागा ठेवली आणि कागद मेजरच्या टेबलावर नेऊन दिला. त्याने न वाचताच सही केली.