नईमाआपाचं निकेल

परतवाड्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत नईमाआपाचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिथे बसून आपा लग्नाच्या मंडपवाल्यांना, बँडवाल्यांना आणि व्हिडिओ शूटिंगवाल्यांना लीडा बनवून द्यायची. लीड म्हणजे एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये आवाज नि चित्र नेणारी वायर, दोन्ही टोकांना पिना. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या मांडीशी बसून ती सोल्डर करायला शिकली होती. बावन्नाव्या वर्षीही तिचा टाका असा बसायचा, की वायर तुटेल पण टाका सुटणार नाही. आणि जीभ? तिला तर कधी सुटीच नव्हती, सदा धारदार.

कर्जमाफीच्या साली बाजारात सोनेरी पिनांची साथ आली. लग्नं आटोपशीर झाली होती, जेवणावळीतलं एक गोड कमी झालं होतं, कापसाचं नाव काढलं की लोक विषय बदलत. तरी मंडपवाला दुप्पट दाम मोजून सोनेरी पिनेची लीड न्यायचा. नेणाऱ्याची छाती अशी फुगायची, जणू अंगठीच घडवून आणली. ह्या लीडा विकायचा बस स्टँडसमोरचा चंद्रभान. "सोन्यानं आवाज खुलते," असं तो छातीठोक सांगायचा. आपाचं गिऱ्हाईक दर आठवड्याला एकेक करून गळू लागलं.

"खुलते? आवाज काय कमळ आहे?" आपा उसळली. "पिन घट्ट बसली, साफ असली, का निकेल काय नि सोनं काय, आवाज तोच. कोणी फरक ओळखून दाखवला, तर मी चारचौघांत कान पकडीन!"

हे बोलणं गल्लीत राहिलं असतं तर ती परतवाड्याची गल्ली कसली? रविवारी दुकानात परीक्षा ठरली. मधोमध चादर बांधली. आपाने एकाच वायरच्या दोन लीडा बनवल्या, एकीला सोनेरी पिना, दुसरीला नेहमीच्या पांढऱ्या निकेलच्या. टाके दोन्हींचे तिचेच. परीक्षक म्हणून वलगावचा देवमन आला. भीमगीतं गाणारा माणूस, पेटीचा एक सूर उतरलेला असला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. चादरीमागे आपाने दर वेळी नाणं उडवलं, छापा पडला तर सोनं, काटा पडला तर निकेल, आणि गाणं तेच वाजवलं. देवमनने आठ वेळा डोळे मिटून निकाल सांगितला. चार बरोबर, चार चूक.

"आपा, मले तं आठी वेळा सारखंच वाटलं," तो शेवटी म्हणाला. "मी आपलं तोंडाले येईन ते सांगून राह्यलो होतो."

गल्ली खदखदून हसली. चंद्रभान "कान तपासून घे लेका" म्हणत निघून गेला. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक परत आलं आणि आपा महिनाभर एक बोट उंच चालली.

पण वलगावहून इंदूबाईचा निरोप आला.

इंदूबाई पासष्टीची, एकटी. गावातल्या विहाराची झाडलोट, दिवाबत्ती तिच्याकडे. रोज सकाळी ती सीडी लावायची, वंदना सुरू व्हायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय तिकडे वळायचे. तिथलं मशीन आपानेच चार वर्षांपूर्वी बसवलं होतं, पिना अर्थातच निकेलच्या. एकदा खोचल्या त्या खोचल्या, इंदूबाईने हात लावला नाही. मशीन बिघडेल ह्या धास्तीने ती त्यांच्यावरची धूळही फुंकून काढायची. शिवाय उन्हाळाभर समोर कूलर चालायचा, त्याची ओलसर हवा सरळ फळीवर.

आता आवाज खरखरायचा आणि मधेच गुल व्हायचा. आपा बसने गेली, पिन जरा पिळली, वंदना खणखणीत सुरू झाली. महिन्याने पुन्हा निरोप. पुन्हा बस, पुन्हा पिळणं. तिसऱ्यांदा इंदूबाईने कंबरेवर हात ठेवले.

"काऊन वं नईमा? तू येतं, पिळतं, चहा पेतं, जातं. परवाच्या पौर्णिमेले बंद पडलं. साठ मानसं बसले होते, अन् मी मंधात उभी येड्यावानी! सोन्याची पिन टाकली असती तं असं झालं असतं का?"

आपाला उत्तर ठाऊक होतं, तेच दुखत होतं. निकेलवर हवेने बारीक पापुद्रा धरतो. पिन वरचेवर काढली-घातली की तो घासून निघतो, म्हणून मंडपवाल्यांना तो कधी कळतही नाही. पण चार वर्षं एका जागी, ओलसर हवेत, तेही जिच्यातून आवाज अगदी क्षीण जातो अशा वायरीला? तिथे सोनं बरं. सोन्यावर पापुद्रा धरत नाही. पिनेसकट ती जिथे खोचते ते सॉकेटही सोन्याचंच हवं, नाहीतर अर्धं काम.

आणि तशा पिना परतवाड्यात एकाच माणसाकडे मिळत होत्या.

"चार पिना, चार सॉकेट. सोन्याच्या मुलाम्याच्या," आपाने चंद्रभानच्या काउंटरवर सांगितलं. दुकानात पाचजण होते. चंद्रभानने पुडी बांधायला पाऊण तास लावला, तेवढ्यात पाचाचे पंधरा झाले.

"आपा, आवाज खुलते ना मंग?"

"नाही खुलत. पण जिथं पिन कोणी काढतच नाही, तिथं सोनं टिकतं," आपा म्हणाली, आणि सगळ्यांसमोर कान पकडले. पहिलं वाक्य कोणी ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की आपाही सोन्यावर आली.

पिना बसवल्या. तीन महिने वलगावहून निरोप नाही. आपाच एका दुपारी चौकशीला गेली. मशीन सुरेख वाजत होतं. तिने सवयीने फळीमागे वाकून एक पिन ओढली आणि तशीच वाकून राहिली. पिन पांढरी होती. कडेला पांढऱ्याखालचं पितळही दिसत होतं. सोनं औषधालाही नव्हतं.

"पाह्य, कशी चमकून राह्यली!" मागून इंदूबाई कौतुकाने म्हणाली. "सोन्याची चीज म्हटल्यावर तशीच कशी ठेवू वं? दर शनिवारी समया घासतो, तवाच मशीन बंद करून ह्या बी काढतो, कोरड्या रांगोळीनं घासतो, फडक्यानं पुसतो, परत लावतो. आवाजात एक खरखर नाई आता!"

आपाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत पितळ, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर सोन्याचा मुलामा; तो केवढा, पहिल्या दोन-तीन शनिवारांतच उडाला असणार. गेले दोन महिने वंदना वाजत होती ती उघड्या निकेलवर आणि पितळावर, फक्त आठवड्याला काढून पुसल्यामुळे. म्हणजे हेच इंदूबाईला आधी सांगितलं असतं तर जुन्या पिनाही चालल्या असत्या! कान पकडले ते फुकट. ही पिन नेऊन चंद्रभानच्या काउंटरवर आपटली, की परतवाडा पुन्हा तिचा. इंदूबाईने सोनं घासून संपवलं, हा किस्सा गल्ली वर्षभर चघळेल, वलगावपर्यंत हसू येईल. तिला तर किस्सा सांगण्याआधीच हसू फुटू लागलं.

इंदूबाई फडक्याने हात पुसत उभी होती. तिला त्या पिनांचा इतका अभिमान होता, की तिने पदर नीट केला होता.

"सांग नं वं," ती म्हणाली, "शेवटी सोन्यानंच काम केलं ना?"

आपाने पिन जागेवर घट्ट बसवली.

"हौ," ती म्हणाली. "सोन्यानंच. फक्त रांगोळी नका लावू आता, नुसतं कोरडं फडकं बस आहे. पण दर शनिवारी, चुकवू नका."