मोतीबाईच्या पायातले दोन आजार

कळंबच्या वरच्या ठाकरवाडीतली मोतीबाई अर्धं आयुष्य एका रिसॉर्टच्या मोरीपाशी उभी राहून भांडी घासत आली. त्यात पायांच्या शिरा फुगल्या, दोन्ही घोट्यांवरची कातडी काळपट तपकिरी पडली, खाज सुटायची, कोंडा झडायचा. एका डॉक्टरनं इन्फेक्शन म्हणून इंजेक्शनं दिली, काही फरक पडला नाही. दुसऱ्यानं सांगितलं, जंतू नाहीत, हा शिरांमुळे झालेला जुना इसब. इंजेक्शन नको, मलम लावा, बसताना पाय उंच ठेवा. ते तिला पटलं.

दिवाळीनंतर डावा पाय लाल होऊन सुजला, तेव्हाही ती मलमच चोळत बसली. अंगात कणकण भरली तशी सून जिजा तिला उपकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या नर्स ललितानं पायाचा फोटो काढून कर्जतच्या सरकारी डॉक्टरांना पाठवला.

डॉक्टरांचा फोन आला. फोटोत जुना इसब दिसतोय, म्हणाले, पण वरची लाली त्याचीच की नवी, ते फोटोवरून कळत नाही. हात लावून बघा.

ललितानं दोन्ही पायांवर हात ठेवला. उजवा गार होता, डावा तव्यासारखा. दाबल्यावर मोतीबाई कळवळली. बोटांच्या बेचक्यात चीर होती, अंगात ताप होता. डॉक्टर म्हणाले, हा सेल्युलायटिस, चिरेतून जंतू कातडीत शिरलेत. गोळ्या सुरू करा, लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारा. रेघेबाहेर गेली तर लगेच इकडे आणा.

मोतीबाई गोंधळली. "तो मलमवाला डॉक्टर म्हनला जंतू नाय. आता तुमी म्हनता हायेत. म्या कुनाचं खरं धरू?"

ललिताही चाचपडत होती. तपकिरी कुठं संपतं नि लाल कुठं सुरू होतं, डोळ्यांना कळेना. शेवटी हाताला ऊन लागायचं थांबलं तिथं तिनं रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी लाली रेघ ओलांडून गुडघ्याकडे चढली होती. टेंपोतून तिला कर्जतला नेलं. शिरेतून औषधं सुरू झाली. हळूहळू ताप उतरला, पाय निवला, लाली मागं सरली. तपकिरी डाग नि खाज मात्र तशीच.

घरी जायला सांगितल्यावर मोतीबाई खाट सोडेना. बरं झालंच नाय तर जायचं कसं?

डॉक्टर शेजारी बसले. "मावशी, पायात दोन आजार होते. जंतूंचा गेला. इसब जुनाच, तो राहणार. त्यानं कातडी फाटते नि जंतूंना वाट मिळते, म्हणून मलम सोडू नका, फुगलेल्या शिरांसाठी पट्टी बांधत जा."

"मंग तो मलमवाला नि तुमी, दोगं डॉक्टर खरंच बोलले?"

"हो."

हे तिला अजून नीट उमगलेलं नाही. एकाच पायाला दोन दुखणी, नि रंग जवळपास सारखाच. पण मालकाला सांगून तिनं मोरीपाशी स्टूल मागून घेतलं, आणि सकाळी उठल्यावर ती दोन्ही पायांवर हात ठेवून बघते, एखादा जास्त ऊन तर लागत नाही ना.